मुलाखतीआधीची तीन मिनिटं

छत्रपती संभाजीनगरात ‘मी हर्सूलला राहतो’ असं कुणाला सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर एक विशिष्ट हसू येतं. मध्यवर्ती कारागृह तिथे आहे. त्यामुळे ‘मग सुटलात कधी?’ हा विनोद हर्सूलकरांनी लहानपणापासून ऐकलेला असतो. तलाव, हरसिद्धी देवीचं मंदिर, अजिंठ्याकडे जाणारा रस्ता या सगळ्याच्या आधी लोकांना जेल आठवतं, त्याला इलाज नाही. चारचौघांत हा विनोद हसण्यावारी जातो. पण वाळूजच्या एखाद्या कारखान्यात, एसी लावलेल्या छोट्या खोलीत, बायोडेटा हातात धरून बसलेले साहेब हाच विनोद करतात तेव्हा नोकरी मागायला आलेल्या पोराच्या पोटात गोळा येतो. हसायचं? किती हसायचं? की हीसुद्धा परीक्षाच आहे?

दारातून आत येणं, खुर्चीत बसणं आणि पहिला खरा प्रश्न येणं, यांच्यामध्ये दोन-तीन मिनिटं जातात. ‘या, बसा. सापडलं ना नीट? पाणी घेणार? कुठून आलात?’ एवढंच त्यात असतं. मुलाखतीच्या कागदावर या बोलण्याला गुण नसतात, तरी त्याचा गुणांशी संबंध असतो. तो नेमका कसा असतो आणि किती असतो, हे बऱ्यापैकी तपासलं गेलं आहे. पण आपल्याकडच्या ‘इंटरव्ह्यू क्लास’मध्ये याबद्दल सांगतात ते बहुतेक ऐकीव असतं. टाय कसा बांधावा, हात किती घट्ट धरावा, डोळ्यांत किती सेकंद बघावं, वगैरे.

सगळ्यात जास्त फिरणारं ऐकीव विधान म्हणजे ‘मुलाखत घेणारा पहिल्या चार मिनिटांत निर्णय घेऊन टाकतो’. याचं मूळ बी. एम. स्प्रिंगबेट यांच्या १९५८ सालच्या कॅनडातल्या अभ्यासात आहे. मुलाखती मोजक्या होत्या आणि काळही वेगळा होता. पुढच्या पिढ्यांनी आकडा तेवढा उचलला, बाकीचं मागे राहिलं. २०१६ साली रॅचेल फ्रीडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहाशेहून अधिक उमेदवारांच्या अर्ध्या तासाच्या मुलाखतींत घेणाऱ्यांनाच विचारलं, तुमचं मत कधी बनलं? पहिल्याच मिनिटात मत बनलं असं सांगणारा विसातून एखादाच निघाला. पहिल्या पाच मिनिटांत ठरलं असं साधारण तीस टक्क्यांच्या बाबतीत झालं. म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत पाच मिनिटांनंतरही पाटी कोरी होती. उंबरठ्यावर अडखळलात की सगळं संपलं, ही भीती घालून क्लासवाले फी घेतात. तिला एवढा आधार नाही.

मात्र ‘पहिल्या गप्पांनी काही फरक पडत नाही’ असंही नाही. अमेरिकेत मरे बॅरिक, ब्रायन स्वायडर आणि ग्रेग स्टुअर्ट यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांच्या सराव-मुलाखती घेतल्या. आधी दोन-तीन मिनिटं नुसत्या ओळखीच्या गप्पा, कामाचा विषय अजिबात नाही. तिथेच मुलाखत थांबवून घेणाऱ्याने आपलं मत नोंदवायचं, मग ठरलेले प्रश्न विचारायचे आणि शेवटी पुन्हा गुण द्यायचे. सुरुवातीचं मत आणि शेवटचे गुण यांचं बऱ्यापैकी जुळलं. त्याच विद्यार्थ्यांना पुढे खऱ्या कंपन्यांकडून इंटर्नशिपसाठी बोलावणं आलं की नाही, याच्याशीही त्या सुरुवातीच्या मताचा संबंध दिसला.

हे का होतं, याचा जास्त उपयोगी तपशील २०१६ सालच्या त्यांच्या पुढच्या अभ्यासात आहे. त्यात प्रत्येक प्रश्नाच्या उत्तराचे गुण वेगळे पाहिले. गप्पांमधून बनलेल्या मताची सावली पहिल्या काही प्रश्नांवर जास्त पडली, आणि मुलाखत पुढे सरकत गेली तशी ती फिकट होत गेली. उमेदवार कामाचं बोलू लागला की घेणाऱ्याकडे कामाची माहिती जमा होते आणि आधीचा अंदाज मागे पडतो. म्हणून त्या तीन मिनिटांचा हिशोब साधा आहे. त्यांनी नोकरी मिळत नाही की जातही नाही, पण पहिल्या एक-दोन तांत्रिक प्रश्नांची उत्तरं कोणत्या कानाने ऐकली जातील हे त्यांवर ठरतं. वीस मिनिटांच्या मुलाखतीत हे निभावून नेता येतं. पण आपल्याकडे ‘कॅम्पस’ला किंवा ट्रेनी भरतीला एकेका पोराला पाच-सात मिनिटंच मिळतात. प्रश्न जेमतेम तीन-चार होतात. सावली फिकट व्हायला वेळच मिळत नाही. गप्पांचं वजन वाढतं ते अशा घाईच्या मुलाखतीत.

आता एक प्रसंग सविस्तर बघू. प्रसंग मी रचलेला आहे, पण टेबलाच्या अलीकडे बसलेल्या कुणालाही तो ओळखीचा वाटेल. हर्सूलची एक मुलगी आहे, मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला. वाळूज एमआयडीसीतल्या, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी विभागात ट्रेनीची जागा आहे. वेळ अकराची. ती साडेदहालाच गेटवर पोचली आहे. सिक्युरिटीच्या रजिस्टरमध्ये नाव, मोबाइल नंबर, ‘कुणाला भेटायचं’ हे सगळं लिहिलं, पास गळ्यात अडकवला, मोबाइल जमा केला. मग रिसेप्शनच्या सोफ्यावर पाऊण तास. साडेअकरा वाजायला आले तेव्हा नाव पुकारलं गेलं. पाऊण तासात ती कुणाशी एक शब्द बोललेली नाही. तोंडाला कोरड, आवाज घशात अडकलेला. मनात मात्र एकच इंग्रजी परिच्छेद घोळतोय: मायसेल्फ अमुक, आय हॅव कम्प्लिटेड माय डिप्लोमा...

दार ढकलून ‘मे आय कम इन सर’. आत दोघं आहेत, एचआरच्या मॅडम आणि क्वालिटीचे हेड. साहेब बायोडेटावरचा पत्ता वाचत म्हणतात, ‘या, बसा. हर्सूल? म्हणजे जेलजवळच की!’

इथे तीन प्रकारची उत्तरं येतात. पहिलं, ‘यस सर’. एवढंच बोलून मान खाली. हे सगळ्यात जास्त वेळा येतं. उत्तर चुकीचं नाही, पण त्यामुळे चेंडू पुन्हा साहेबांच्याच अंगणात पडतो. त्यांना आता दुसरं काहीतरी शोधून विचारावं लागतं, आणि दोनदा असं झालं की ते कंटाळून थेट प्रश्नावर येतात. मुलीचा आवाज अजून फुटलेला नसतो आणि पहिला तांत्रिक प्रश्न येऊन आदळतो. दुसरं उत्तर नको तितकं लांब. हर्सूलहून निघाले, टी पॉइंटला बस मिळाली नाही, रिक्षावाल्याने जास्त मागितले, नगर नाक्याला ट्रॅफिक, शिवाय इथे पाऊण तास बसवून ठेवलं, घरी पाण्याचा दिवस होता म्हणून पहाटे उठले... सगळं खरं असतं. शहराला पाणी किती दिवसांनी येतं हे साहेबांनाही चांगलं ठाऊक असतं. पण ऐकणाऱ्याच्या लेखी पहिलीच ओळख तक्रारीची झाली.

तिसरं उत्तर असं: ‘हो सर, जेलच्या पुढेच आमची कॉलनी. सकाळी सिटी बसने सिडकोपर्यंत आले, तिथून दुसरी बस. सव्वा तास लागला, पण वेळेत पोचले.’ हसायचं ते सहज, जितकं आलं तितकं. विनोदाला उत्तर म्हणून विनोद करायची गरज नाही. साहेबांनी जेल म्हटलं म्हणून तिनेही ‘पॅरोलवर आलेय सर’ म्हणावं असा सल्ला मी देणार नाही. काही पोरं असं छान निभावून नेतात, पण नाही जमलं तर खोलीत जी शांतता पसरते ती फार वाईट असते.

या तिसऱ्या उत्तराचा ढाचा लक्षात घ्या. आधी विचारलेल्याचं सरळ उत्तर, मग स्वतःची एखादी नेमकी गोष्ट, आणि थांबायचं. नेमकी गोष्ट दिली की समोरच्याला पुढे बोलायला हात मिळतो. ‘दोन बस बदलून? मग शिफ्टला कसं जमणार?’ असं साहेब विचारू शकतात. हा प्रश्न गप्पांच्या सुरात आला तरी पूर्ण कामाचा असतो. सकाळच्या पाळीला सहा-साडेसहाला आत असायचं आणि मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते, म्हणजे ती किती दिवस टिकेल याचा हिशोब साहेबांच्या डोक्यात सुरू असतो. ट्रेनी तीन महिन्यांत सोडून गेला की त्याला शिकवण्याचे कष्ट वाया जातात, हा त्यांचा रोजचा अनुभव. त्यामुळे कंपनीची बस हर्सूलकडून येते का, नसेल तर बजाजनगरला मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची तयारी आहे का, याचा विचार घरूनच करून यावा. ‘बघू सर, करू काहीतरी’ हे उत्तर इथे महागात पडतं.

मग पाणी. ‘पाणी घेणार?’ याला निम्मी पोरं ‘नो सर, थँक्यू’ म्हणतात, जणू घेतलं तर एक गुण कापला जाईल. तोंड कोरडं असेल तर ‘हो, चालेल’ म्हणावं आणि दोन घोट घ्यावेत. तेवढ्या वेळात श्वास जागेवर येतो. चहाचं जरा वेगळं आहे. तो येईपर्यंत मुलाखत निम्मी होते आणि कप हातात धरून लीस्ट काउंट सांगणं सोपं नाही. सगळ्यांसाठीच आला असेल तर घ्यावा, नाहीतर ‘नको सर, आत्ताच झाला’ म्हणून मोकळं व्हावं. यात कुणी काही लिहून ठेवत नाही. फाइल मांडीवर ठेवावी. साहेबांच्या कागदांवर ती पसरली की त्यांना आपले कागद सावरत बसावं लागतं.

हस्तांदोलनाबद्दल क्लासमध्ये फार बोलतात. २००८ साली स्टुअर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९८ विद्यार्थ्यांच्या सराव-मुलाखतींत हात मिळवण्याचा प्रकार मोजला होता आणि चांगल्या हस्तांदोलनाचा मुलाखतीच्या गुणांशी संबंध त्यांना दिसला होता. पण ते अमेरिकेतलं. वाळूजला नव्वद टक्के वेळा टेबलाच्या पलीकडून हात पुढे येतच नाही, मुलींच्या बाबतीत तर नाहीच. आला तर मिळवावा, नाहीतर ‘नमस्कार सर, नमस्कार मॅडम’ एवढं पुरतं. दोघांनाही म्हणावं. फक्त साहेबांकडे बघून बोलणारे उमेदवार एचआरच्या मॅडमना विसरतात, आणि पगाराचं पत्र त्याच काढणार असतात.

या तीन मिनिटांत सगळ्यात मोठी गडबड होते ती भाषेची. उमेदवार इंग्रजी पाठ करून आलेला असतो आणि साहेब मराठीत विचारतात, ‘काय, कसे आलात?’ मग तो ‘बाय बस सर’ म्हणतो. साहेब मराठीत, हा इंग्रजीत, आणि चार वाक्यांनंतर दोघंही अवघडतात. संभाजीनगरात तर हिंदी हीसुद्धा बरोबरीची बोलभाषा आहे. जुन्या शहरातल्या, बाहेरून आलेल्या कितीतरी इंजिनिअर-सुपरवायझरांची कामाची भाषा हिंदीच. नियम एवढाच ठेवावा, की समोरच्याने ज्या भाषेत सुरुवात केली त्या भाषेत उत्तर द्यायचं. प्रश्न इंग्रजीत वळला की आपणही वळायचं, आणि अडलं तर ‘सर, हे मराठीत सांगितलं तर चालेल का?’ असं सरळ विचारायचं. गेज, टॉलरन्स, रिजेक्शन हे शब्द शॉप फ्लोअरवर सगळे असेच वापरतात, त्यामुळे तांत्रिक उत्तर मराठीत देणं अवघड नसतं. गप्पा सहज मराठीत झाल्या असतील तर असं विचारायचं धाडसही येतं. त्या बोलण्याचा मला दिसणारा सगळ्यात मोठा उपयोग हाच, की उमेदवाराचा खरा आवाज पहिल्या प्रश्नाच्या आधी बाहेर येतो.

आपल्या मुलीकडे परत येऊ. साहेबांनी पुढे विचारलं, ‘व्हर्नियरचा लीस्ट काउंट किती?’ तिला उत्तर येतं. ०.०२ मिलिमीटर. पहिल्या प्रकारच्या मुलीने हेच उत्तर कुजबुजत दिलं, तर साहेबांना वाटतं पाठ केलंय, आणि ते लगेच ‘कसा काढलात?’ म्हणून उलट तपासणी सुरू करतात. तिसऱ्या प्रकारच्या मुलीने तेच उत्तर, त्याच शब्दांत, मोकळ्या आवाजात दिलं तर साहेब ‘बरोबर’ म्हणून पुढे जातात, किंवा ‘डिजिटल वापरलाय का?’ असा सोपा पुढचा प्रश्न देतात. दोघींचं ज्ञान सारखंच, पण गुण वेगळे पडण्याची शक्यता मोठी. टॉम डॉर्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली एका कंपनीतल्या खऱ्या मुलाखतींच्या टेप ऐकून हेच दाखवलं होतं. ज्याच्याबद्दल आधीपासून चांगलं मत असतं त्याच्याशी घेणारे जास्त मोकळेपणाने बोलतात, त्याला कंपनीची आणि कामाची माहिती देत बसतात, आणि त्याची खोदून चौकशी कमी करतात. त्या अभ्यासात हे आधीचं मत अर्ज आणि चाचणीच्या गुणांवरून बनलेलं होतं. उमेदवार दारात येण्याआधीच पहिली छाप पडून गेलेली असते, ही गोष्ट क्लासवाले सांगत नाहीत. बायोडेटावरचा पत्ता, कॉलेजचं नाव आणि आडनाव, हे साहेबांनी ‘या, बसा’ म्हणायच्या आधीच वाचलेलं असतं.

आडनावाचा विषय निघालाच आहे, तर तो टाळून चालणार नाही. मराठवाड्यात दोन अनोळखी माणसं भेटली की ‘गाव कोणतं? मूळचे कुठले? वडील काय करतात?’ हे विचारणं शिष्टाचारात मोडतं. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा आपुलकीच असते. पाहुण्यांच्या गावचा माणूस निघाला तर आनंदही होतो. पण त्याच तीन प्रश्नांतून जात, धर्म आणि घरची परिस्थितीही कळते. हे दोघांनाही माहीत असतं, आणि ज्याला त्याची झळ बसलेली असते त्याला जास्त. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातल्या कंपन्यांच्या एचआर अधिकाऱ्यांशी बोलून २००७ साली एक लेख लिहिला. सगळ्यांचं म्हणणं होतं की आम्ही फक्त गुणवत्ता बघतो. आणि जवळपास सगळेच उमेदवाराला ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ विचारत होते. त्यांच्या मते त्यावरून माणसाचे संस्कार आणि स्वभाव कळतो. ज्याचे वडील मजूर आहेत त्याने या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं, याचा विचार त्यांनी केलेला नव्हता.

हा प्रश्न न्यायालयातही गेलेला आहे. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी १०० गुणांची लेखी परीक्षा आणि ५० गुणांची तोंडी मुलाखत होती. विद्यार्थ्यांची तक्रार होती की मुलाखत सरासरी दोन-तीन मिनिटंच चालली आणि तीत विषयाचं काही न विचारता वडील कोण, राहता कुठे, एवढंच विचारलं गेलं. अजय हासिया विरुद्ध खालिद मुजीब या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर १९८० मध्ये निकाल दिला. तोंडी मुलाखतीला एकूण गुणांच्या एक तृतीयांश वजन देणं मनमानी ठरवलं, पंधरा टक्क्यांहून जास्त नको असं म्हटलं, आणि मुलाखती टेप करून ठेवाव्यात अशी सूचनाही केली. खटला प्रवेशाचा होता, नोकरीचा नव्हे, आणि नोकरीच्या बाबतीत न्यायालयाने पुढे वेगळे मापदंडही मान्य केले. तरी ओळखीच्या गप्पांनाच मुलाखत समजून गुण वाटले तर काय होतं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं मला माहीत नाही. पुढे केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६पासून गट क आणि गट ब (अराजपत्रित) पदांच्या भरतीतून मुलाखतच काढून टाकली. खासगी कारखान्यांना तो नियम लागू नाही.

उमेदवाराच्या बाजूने यात फार काही हातात नसतं, पण थोडं असतं. ‘वडील काय करतात?’ याचं उत्तर खरं आणि एका वाक्यात द्यावं, आणि जमल्यास दुसऱ्या वाक्यात कामाकडे यावं. ‘वडील गवंडी आहेत सर. सुट्टीत त्यांच्याबरोबर साइटवर जायचे, तिथेच लेव्हल आणि प्लंब बघायला शिकले.’ पुढचा प्रश्न बहुधा वडिलांवर येत नाही, लेव्हलवर येतो. खोटं मात्र सांगू नये. कागदपत्रांच्या तपासणीत ते उघडं पडतं, आणि मुळात गवंड्याची मुलगी असण्यात लपवण्यासारखं काही नाही. मुलींना ‘लग्नाचं काय?’ हा प्रश्नही याच हसऱ्या सुरात येतो. स्त्री आहे म्हणून भरतीत डावलायला १९७६च्या समान वेतन कायद्याने मनाई केली होती आणि २०१९च्या वेतन संहितेत ती मनाई कायम आहे. पण त्या खोलीत कायदा काढून भांडण जिंकणं कठीण. ‘सध्या तरी कामच शिकायचंय सर, पुढची दोन-तीन वर्षं हेच’ एवढं सांगून थांबावं. त्यानंतरही प्रश्न त्याच दिशेने येत राहिले, तर तिथलं काम कसं असेल याचा अंदाज आपल्यालाही आलेला असतो.

शहराचं नाव हाही इथल्या गप्पांतला एक खास खड्डा आहे. २०२३ साली नामांतर झालं. कुणाच्या तोंडी नवं नाव असतं, कुणाच्या जुनं, आणि दोन्हींवरून माणसाचं राजकारण ताडायची सवय लोकांना लागली आहे. आधार कार्डावर एक आणि जुन्या मार्कशीटवर दुसरं असलं तर त्यावरूनही विषय निघतो. साहेब जे नाव वापरतील ते वापरावं किंवा नुसतं ‘शहर’ म्हणावं. मत मागितलं गेलं तरी देऊ नये. त्या खोलीत त्याचा काहीही उपयोग नाही.

आता दोन शब्द टेबलाच्या पलीकडे बसणाऱ्यांसाठी, कारण खरी दुरुस्ती त्यांच्याच हातात आहे. काही तज्ज्ञ म्हणतात की गप्पा अजिबात करूच नका, सरळ ठरलेले प्रश्न विचारा, म्हणजे सगळ्यांना सारखी वागणूक मिळेल. मला ते पटत नाही. पाऊण तास सोफ्यावर गप्प बसलेल्या पोराला आत येताच लीस्ट काउंट विचारणं हा माणुसघाणेपणा आहे, आणि त्याने सगळ्यात जास्त नुकसान होतं ते लाजऱ्या पण हुशार उमेदवाराचं. बॅरिक यांच्या गटाने २०१२ साली पाहिलं तेव्हा गप्पांतून बनणाऱ्या मताचा संबंध बोलकेपणाशी आणि शब्दांवरच्या पकडीशी दिसला होता. गप्पा विक्री विभागासाठी काहीतरी खरं सांगतात. पण दिवसभर गेज हातात घेऊन मान खाली घालून काम करणाऱ्या इन्स्पेक्टरच्या जागेसाठी त्या फारसं सांगत नाहीत.

म्हणून गप्पा करा, पण सगळ्यांशी त्याच. किती वेळ लागला, कसे आलात, पाणी घ्या, आज साधारण काय काय विचारणार आहोत. गाव, वडील, लग्न हे विषय चहाच्या सुट्टीसाठी, रुजू झाल्यावर. पहिला तांत्रिक प्रश्न मुद्दाम सोपा ठेवा आणि शक्य तर त्याचे गुण धरू नका. प्रत्येक उत्तराचे गुण त्या त्या वेळी लिहा. शेवटी एकदम लिहिले की सुरुवातीचं मत सगळ्या रकान्यांत झिरपतं. आणि हर्सूलच्या माणसावर जेलचा विनोद करायचा मोह आवरा. त्याने तो शंभरदा ऐकलेला आहे, आणि त्या दिवशी त्याला मनापासून हसता येत नाही.

उमेदवारांनी एवढं ध्यानात ठेवावं, की सुरुवात अडखळली तरी पुढचे प्रश्न तुमच्याच हातात आहेत. पहिल्या उत्तराला घशातून आवाज निघाला नसेल, तर शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय का?’ असं विचारल्यावर सरळ सांगा, ‘सर, मघाचं पहिलं उत्तर मी नीट दिलं नाही, एकदा पुन्हा सांगू का?’ बहुतेक पॅनेल हो म्हणतं.